काजूचा स्टॉक, एक्सेलची शीट आणि न मारलेली टोटल

आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात सरांनी मला वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्याच्या ऑडिटला पाठवलं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, घरचाच कारभार. हिशेब टॅलीत, पण 31 मार्चच्या स्टॉकची किंमत मात्र एक्सेलमध्ये काढायची. कोकणातल्या बहुतेक काजू, मासळी आणि आंब्याच्या कारखान्यांत मला पुढेही हेच दिसलं. खरेदी-विक्रीची हजारो व्हाउचर्स सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि नफा ठरवणारा सगळ्यात मोठा आकडा एका शीटमधून येऊन एका ओळीत टॅलीत बसतो. नव्याने आर्टिकलशिपला लागलेल्यांसाठी त्या एका शीटचीच गोष्ट सांगतो.

शीट साधी होती. पाचव्या ओळीपासून एकेका ओळीत एकेक माल: डब्ल्यू-210, डब्ल्यू-240, डब्ल्यू-320, पाकळी, तुकडा, कच्ची बी वगैरे. B कॉलममध्ये किलो, C मध्ये किलोमागे पडलेला खर्च, D मध्ये विकून हातात येणारा निव्वळ भाव, म्हणजे दलाली आणि वाहतूक वजा करून. E मध्ये या दोघांतला कमी, आणि F मध्ये किलो गुणिले E. हिशेब-मानक 2 हेच सांगतं: खर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य, यातलं जे कमी असेल ते.

```
E5:  =MIN(C5,D5)
F5:  =B5*E5
F20: =SUM(F5:F18)
```

तिसऱ्या सूत्राकडे आत्ताच नीट बघा. मी तेव्हा बघितलं नव्हतं.

मी काय केलं? मोजणीचे कागद घेतले आणि एकेका ओळीच्या किलोवर टिक मारत गेलो. सगळं जुळलं. एकूण 1,12,40,000 रुपये. टॅलीत तोच आकडा. एप्रिलच्या सुरुवातीला बँकेला गेलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही तोच. तीन ठिकाणी एकच रक्कम म्हटल्यावर मी वर्किंग पेपरवर ‘जुळले’ लिहून मोकळा झालो. संध्याकाळी कुडाळला ऑफिसात आल्यावर सरांनी फाइल उघडली आणि एकच विचारलं, “टोटल मारलीस?”

“एक्सेलने मारलीय ना सर.”

सर काही बोलले नाहीत. F5 पासून F19 पर्यंत माउस ओढला आणि खालच्या पट्टीतली बेरीज मला दाखवली: 1,21,28,000. शीटवरच्या बेरजेपेक्षा 8,88,000 जास्त. एकोणिसाव्या ओळीत दुसऱ्या गोडाऊनमधला तुकडा होता, 1,850 किलो, 480 रुपयांनी. ओळ होती, किलो बरोबर होते, मी टिकही मारली होती. ती बेरजेतच नव्हती.

दुसऱ्या गोडाऊनची मोजणी उशिरा आली, 7 एप्रिलला, आणि अकाउंटंट काकांनी ती ओळ शेवटी पेस्ट केली. सूत्राचा पल्ला अठराव्या ओळीवरच थांबला. ओळ मधे कुठे घुसवली असती तर एक्सेलने पल्ला आपोआप वाढवला असता. शेवटच्या ओळीच्या खाली चिकटवलेली ओळ मात्र बाहेर राहू शकते, आणि शीटवर लाल खूण वगैरे उमटत नाही, फार तर सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण. बेरीज कमी येण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे मजकूर म्हणून साठलेला आकडा. व्हॉट्सॲपवरून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेले आकडे पुष्कळदा असे असतात. `SUM` त्यांना गुपचूप वगळतं. सेलमध्ये आकडा डावीकडे चिकटलेला दिसला की संशय घ्यायचा.

मग सरांनी मला शीट वाचायला शिकवलं. क्लायंटकडून पीडीएफ घ्यायची नाही, मूळ फाइल घ्यायची आणि आपल्या कॉपीवर काम करायचं. `Ctrl` धरून टॅबच्या वरची कळ दाबली की आकड्यांच्या जागी सूत्रं दिसतात. E कॉलममध्ये ओळीने `MIN` दिसायला हवं. अकराव्या ओळीत, पाकळीसमोर, नुसतं 610 होतं.

ओळी दोनशे असतील तर डोळे दगा देतात. तेव्हा कॉलम निवडून कीबोर्डवरची `F5` कळ, मग `Special`, मग `Constants`. सूत्राच्या जागी हाताने लिहिलेले आकडे तेवढे निवडले जातात. मी हल्ली आपल्या कॉपीत बाजूला एक कॉलम घालतो, म्हणजे वर्किंग पेपरमध्ये पुरावाही राहतो:

```
=IF(ISFORMULA(E5),"","हाताने")
```

पाकळीचा खर्च किलोमागे 610, निव्वळ विक्रीमूल्य 560. तीनही आकडे शेजारी शेजारी, उघड्यावर. कमी असलेला 560 यायला हवा होता. माल 2,400 किलो, म्हणजे 1,20,000 रुपये जास्त धरले होते. आधी सापडलेली चूक स्टॉक कमी दाखवणारी, ही जास्त दाखवणारी. दोन्ही दुरुस्त केल्या की स्टॉक होतो 1,20,08,000. निव्वळ फरक 7,68,000 येतो, पण दोन चुका एकमेकींतून वजा करून एकच आकडा लिहायचा नाही. कारणं वेगळी आहेत, म्हणून यादीत त्या वेगवेगळ्या येतात. मी आधी वजा करूनच लिहिलं होतं आणि सरांनी खोडलं.

610 कोणी लिहिलं आणि का, हे शीट सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वेंगुर्ल्याला. जाताना मनात पक्कं धरलं होतं की मालकांनी सांगून नफा वाढवून घेतला असणार. नव्या आर्टिकलला सगळीकडे घोटाळाच दिसतो. काकांना विचारलं तर ते म्हणाले, “मगे? ती बँकेची फाईल. तीच पुढे चालवलंय.”

फोल्डरमध्ये तीन फाइली होत्या: `Stock March Bank.xlsx`, `Stock March Final.xlsx` आणि `Stock March Final sir.xlsx`. प्रॉपर्टीजमध्ये तिघींची निर्मितीची तारीख एकच, 2018 मधली. `Save As` केलं तरी फाइलच्या आतली ती तारीख पुढे येते, त्यामुळे दरवर्षीची फाइल आदल्या वर्षीच्या पोटातून जन्मते हे कळलं, पण एवढंच. यंदाच्या तिघींपैकी कोण कोणाची, ते सेलच सांगतात. गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये E11 ला `MIN` शाबूत होतं. बँकेच्या फाइलमध्ये 610. बाकीच्या दोन्हींतही 610. म्हणजे हाताचा आकडा बँकेच्या फाइलमध्ये शिरला आणि तिथून खाली उतरला.

कारण अगदी साधं निघालं. 5 एप्रिलला बँकेला स्टेटमेंट द्यायचं होतं. D कॉलममध्ये गेल्या वर्षीचे भाव तसेच पडलेले होते. इतर मालांचे जुने भाव यंदाच्या खर्चाच्या वर होते, म्हणून काही बिघडलं नाही. पाकळीचा जुना भाव खर्चाच्या खाली होता आणि `MIN` ने तो उचलला. काकांना तो भाव चुकीचा वाटला (चुकीचा होताच) आणि त्यांनी E11 वर 610 टाकलं. दुरुस्त करायचं होतं D11, केलं E11. पुढे एप्रिलची बिलं आल्यावर D कॉलम नीट भरला, पण E11 मधलं सूत्र केव्हाच गेलं होतं.

आता तीन ठिकाणी एकच रक्कम का होती, ते लक्षात येईल. बँकेच्या फाइलमध्ये दुसरं गोडाऊन नव्हतंच. फायनलमध्ये ते आलं, पण बेरजेबाहेर. खरं तर एक अख्खं गोडाऊन वाढूनही एकूण रक्कम हलली नाही, याचंच मला नवल वाटायला हवं होतं. एकाच फाइलच्या पिल्लांचे आकडे जुळले तर तो पुरावा धरायचा नाही.

मी विचारलं की शीटला पासवर्ड का नाही. काका म्हणाले, होता, पण पेस्ट करायला काढला. पासवर्डवर मी तेव्हापासून फार वजन टाकत नाही. कुलूप लावण्याआधी आत काय शिरलं, ते कुलूप सांगत नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बदलांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे, त्यावर आपल्याला अहवालात लिहावंही लागतं. पण त्या नोंदीत दिसेल ते इतकंच की अमुक दिवशी बंद स्टॉकची रक्कम अमुक केली. E11 मध्ये काय घडलं, याचा तिथे मागमूस नसतो. म्हणून शीट हातात आली की मी पहिल्यांदा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर तिचा ठसा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा हॅश कोड, घेतो आणि वर्किंग पेपरमध्ये चिकटवतो:

```
certutil -hashfile "Stock March Final.xlsx" SHA256
```

आठ दिवसांनी त्याच नावाची फाइल पुन्हा मेलवर आली आणि ठसा वेगळा निघाला, तर आत काहीतरी हललं आहे. नुसती उघडून सेव्ह केली तरी ठसा बदलतो, तेव्हा लगेच गळा धरायचा नाही. दोन्ही फाइलींचे सेल समोरासमोर ठेवायचे.

या सगळ्या चाचण्या सापडवतात ते वेगळं पडलेलं सूत्र. सगळ्या ओळींत सारखंच चुकलेलं असेल तर त्या गप्प बसतात. जेपी मॉर्गन बँकेच्या 2012 मधल्या ‘लंडन व्हेल’ नावाच्या मोठ्या तोट्याच्या चौकशीत असंच एक सूत्र निघालं होतं. सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं जात होतं आणि जोखीम कमी दिसत होती. असल्या चुकीवर माझ्याकडे एकच उपाय आहे: एक ओळ कागदावर कॅल्क्युलेटरने पूर्ण करायची, तीही शीट न बघता, खरेदी बिल आणि विक्री बिल घेऊन. डब्ल्यू-320 ची ओळ मी अशी केली तेव्हा दुपार गेली. लाइटही गेली होती. भाव बरोबर निघाला.

मालकांना दुरुस्ती सांगितली तेव्हा नफा वाढला म्हणून ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “म्हणजे टॅक्स वाढला.” एंट्री झाली. बँकेच्या स्टेटमेंटशी आता 7,68,000 चा फरक पडत होता, आणि कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 प्रमाणे बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं पुस्तकांशी जुळतात का ते सांगावं लागतं. तो फरक कारणांसकट टिपेत गेला.

हाताने आकडा घालूच नका, असं सांगून कोणी ऐकत नाही, आणि कधी कधी घालावा लागतोच. आम्ही काकांना एवढंच सांगितलं की तो सेल पिवळा करा, आणि शेजारी तारीख, सही आणि कोणत्या बिलावरून घेतला ते लिहा. पुढच्या मेमध्ये गेलो तर फोल्डरमध्ये एकच फाइल होती, बेरीज शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेली. E9 पिवळा होता आणि शेजारी काकांनी लिहिलं होतं: ‘भाव मालक सांगतील.’ मालक मुंबईला गेले होते. आम्ही बिलाची वाट बघत बसलो.