पुलबॅक लहान होत चाललेत, तरी ब्रेकआउट का फसतो? व्हीसीपीमधल्या या चुका टाळा

व्होलॅटिलिटी कॉन्ट्रॅक्शन पॅटर्न, म्हणजे व्हीसीपी, हे नाव अमेरिकन ट्रेडर मार्क मिनर्व्हिनी यांनी रूढ केलं. चांगला वाढलेला शेअर बेस बनवताना, म्हणजे चढाईनंतर विसावा घेताना, आधी खोल घसरतो, मग त्याहून कमी, मग आणखी कमी, आणि शेवटी अरुंद पट्ट्यात येऊन वर निघतो; हे वर निघणं म्हणजे ब्रेकआउट. साधारण दोन ते चार आकुंचनं दिसतात आणि प्रत्येक घसरण आधीच्या घसरणीच्या अंदाजे निम्मी असते. ऐकायला इतकं सोपं असल्यामुळेच बहुतेक जण टक्के मोजतात आणि तिथेच थांबतात.

फक्त टक्के जुळवणं

दोन काल्पनिक शेअर घेऊ. दोन्ही 120 वरून 200 पर्यंत चढले आणि तिथून 150 वर आले. पहिली घसरण 25 टक्के.

पहिला शेअर पुन्हा 196 पर्यंत गेला, 172.5 पर्यंत उतरला, मग 194 गाठून 182.4 वर आला. घसरणी 25, 12 आणि 6 टक्के. दुसरा शेअर 150 वरून फक्त 175 पर्यंत उठला, 154 ला आला, मग 165 ला जाऊन 155 वर. इथेही 25, 12 आणि 6 टक्केच. स्क्रीनरला दोन्ही शेअर सारखेच दिसतील. तळही दोन्हीकडे वर सरकताना दिसतात.

पण दुसऱ्या शेअरचे माथे पाहा: 200, 175, 165. प्रत्येक उसळीत विकणारे आधीपेक्षा खालच्या भावाला तयार झालेत. 165 तोडून तो वर निघाला तरी 175 ला घेऊन बसलेले आणि 200 च्या आसपास अडकलेले, दोघंही ‘निदान बरोबरीत सुटू’ म्हणून वाटच पाहत असतात. पहिल्या शेअरमध्ये मात्र 200, 196, 194 असे माथे जवळजवळ एका रेषेत आहेत. जे वैतागून विकणार होते ते 150 ते 195 च्या प्रवासात विकून गेले आणि वर अडकलेला माल फारसा उरलेला नाही. घसरण कमी होण्याचं खरं कारण हेच असायला हवं. म्हणून टक्के मोजण्याआधी माथे जुन्या उच्चांकाच्या किती जवळ आहेत ते बघा. माझ्या मते ही एक तपासणी केली तरी निम्मे खोटे सेटअप गळून पडतात.

आणि हो, टक्के प्रत्येक वेळी त्या-त्या माथ्यापासून मोजायचे. तिसरी घसरण 200 पासून मोजली तर 182.4 पर्यंत ती जवळजवळ 9 टक्के येते आणि चांगला बेसही ढिला वाटायला लागतो.

आकुंचन ओढूनताणून शोधणं

दोनच घसरणी असतील तर तिसरी ‘सापडेपर्यंत’ चार्ट मोठा करत बसणारे बरेच आहेत. तीन दिवसांची किरकोळ हालचाल म्हणजे आकुंचन नव्हे. घसरणीला स्पष्ट तळ हवा आणि तिथून भाव पुन्हा माथ्याजवळ यायला हवा, तरच ती मोजायची. दोन नीट आकुंचनं असलेला बेस चार ओढूनताणून काढलेल्यांपेक्षा केव्हाही बरा. बेसच्या आधी चढता ट्रेंडही हवा. भाव 200 दिवसांच्या सरासरीखाली असेल आणि ती सरासरी उतरत असेल, तर हा पॅटर्न तिथे शोधूच नये.

शांतता कसली आहे हे न बघणं

भाव अरुंद झाला, पण व्हॉल्यूम कमी झाला का? पहिल्या शेअरचा 50 दिवसांचा सरासरी व्हॉल्यूम रोज 4 लाख शेअरचा आहे असं धरा. शेवटच्या आकुंचनात रोजचा व्हॉल्यूम दीड-दोन लाखांवर यायला हवा, विशेषतः लाल दिवशी. म्हणजे भाव उतरतोय, पण विकायला फारसं कोणी पुढे येत नाही. उलट 194 च्या खाली भाव घट्ट आहे आणि रोज 5 लाख शेअर हात बदलतायत, तर वर कोणीतरी सातत्याने माल सोडतंय. चार्टवरचा आकार तोच दिसतो, आतली गोष्ट उलटी असते.

कधी भाव वेगळ्याच कारणाने घट्ट होतो. कंपनी विकत घेण्याचा ठरावीक भावाचा प्रस्ताव आला की शेअर त्या भावाला चिकटून सरळ रेषेत चालतो. चार्ट सुंदर दिसतो, पण वर जायला जागाच नसते. ज्यात मुळात सौदेच होत नाहीत अशा शेअरची शांतताही निरुपयोगी. म्हणून घट्टपणा दिसला की आधी बातम्या आणि रोजची उलाढाल बघून घ्या.

पिव्होट सोडून धावणं

पिव्होट म्हणजे शेवटच्या आकुंचनाचा माथा, आपल्या उदाहरणात 194. खरेदी 194.5 ला आणि स्टॉपलॉस 182.4 च्या तळाखाली, 182 ला ठेवला, तर प्रति शेअर धोका 12.5, म्हणजे साधारण साडेसहा टक्के. भांडवल 5 लाख आणि एका सौद्यात अर्धा टक्का, म्हणजे 2,500 इतकीच जोखीम घ्यायची असेल, तर क्वांटिटी 200 बसते.

तोच शेअर 206 ला घेतला तर त्याच स्टॉपलॉसपर्यंतचा धोका 24 होतो, जवळपास 12 टक्के. क्वांटिटी 104 वर येते. इथे लोक दोनपैकी एक चूक करतात: क्वांटिटी 200 च ठेवतात, किंवा स्टॉपलॉस ओढून 198-199 ला आणतात. शेअर ब्रेकआउटनंतर पिव्होटपर्यंत परत येऊन मग चढतो, हे अनेकदा घडतं. तेव्हा ओढलेला स्टॉपलॉस उडतो आणि शेअर आपल्याशिवाय निघून जातो. स्टॉपलॉस वारंवार उडत असेल तर पॅटर्नला दोष देण्याआधी आपण नक्की कुठल्या भावाला घेतलं हे सौद्यांच्या नोंदीत तपासा.

व्हॉल्यूमचा अंदाज घेतानाही घाई होते. बाजार उघडल्यावर आणि बंद होताना उलाढाल जास्त असते, दुपारी कमी. पहिल्या तासाचा आकडा सरळ दिवसभराला गुणला तर जवळजवळ प्रत्येक ब्रेकआउट जोरदारच वाटेल. तुलना करायची तर त्याच वेळेपर्यंत इतर दिवशी किती झालं होतं त्याच्याशी करा.

ब्रेकआउट फसला की लगेच शेअर यादीतून काढणं

शेअर 197 पर्यंत जाऊन 193 ला बंद झाला, तर तेवढ्यावरून सौदा संपत नाही. 182 तुटलेलं नसेल आणि उतरताना व्हॉल्यूम कमी असेल, तर काही दिवस थांबणं रास्त. तो 186 ते 197 मध्ये पुन्हा आकसला, तर पिव्होट आता 197 आणि नवा तळ 186 धरायचा. 182 तुटलं तर मात्र बाहेर पडायचं, आणि 172.5 चा तळही गेला तर आकुंचनांचा हिशेबच मोडला. मग नव्या बेससाठी काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. एकाच आठवड्यात यादीतले तीन-चार ब्रेकआउट असेच परत आले, तर चूक त्या शेअरांत न शोधता निर्देशांकाचा चार्ट उघडा आणि तो स्थिरावेपर्यंत क्वांटिटी निम्मी करा.