मलप्रभेची नोंद : पुस्तकामागची सूची कशी तयार होते

समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या इतिहासावरचं 232 पानी पुस्तक तुमच्याकडे सूचीसाठी आलंय. छपाई 16 पानी फॉर्ममध्ये असल्याने 15 फॉर्म म्हणजे 240 पानं होतात आणि शेवटची 8 पानं सूचीला मिळतात. दोन स्तंभ, प्रत्येकी 45 ओळी, म्हणजे फार तर 720 ओळी. हा हिशेब आधी करा, कारण किती बारकाईने नोंदी घ्यायच्या हे त्यावर ठरतं. प्रूफवरचे पृष्ठांक पक्के झाल्याशिवाय मात्र कामाला हात लावू नका. एक नकाशा आत घुसला की पुढचे सगळे आकडे सरकतात.

प्रकाशक बहुधा म्हणतो, "संगणकावर शब्द शोधा आणि पानं टाका, दोन तासांचं काम." मलप्रभा नदी घेऊन बघू. शोधपट्टीत 'मलप्रभा' टाकलं तर 'मलप्रभेच्या', 'मलप्रभेत', 'मलप्रभेवर' यातलं काहीच सापडत नाही. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं अंगच बदलतं. 'खानापूर' शोधलं तर 'खानापुरात' निसटतं, तेही तसंच. म्हणून कुणी अर्धाच शब्द शोधतं, 'मलप्रभ'. मग वेगळीच पंचाईत होते. हीच युक्ती 'टिळक' शब्दाला लावली तर बेळगावच्या टिळकवाडीतले सगळे पत्ते लोकमान्यांच्या नावावर चढतात.

रूपांचा प्रश्न एखाद्या हुशार प्रोग्रामने सोडवला असं धरू. तरी हाती येतं ते असं :

मलप्रभा 14, 15, 31, 47, 62, 88, 89, 90, 93, 120, 171, 173, 176, 204

ही नोंद वाचकाच्या काय कामाची? धरणाची माहिती हवी असलेल्याने चौदा पानं उलटायची का? पान उघडून पाहिलं तर 31 वर फक्त 'मलप्रभेपलीकडची गावं' असा ओझरता उल्लेख आहे, 204 वर एका सोसायटीचं नाव आहे. ही पानं गाळायची. वाचक त्या पानावर गेला तर त्याला नदीविषयी काही नवं कळेल का, एवढीच कसोटी. उलट 91 आणि 92 वर धरणाची चर्चा सलग चालू आहे, पण लेखकाने तिथे फक्त 'नदी' आणि 'जलाशय' म्हटलंय. 172, 174, 175 चंही तेच. यादीत ही पानं येणारच नाहीत, कारण यंत्राला शब्द दिसतो, विषय दिसत नाही.

प्रूफ वाचून केलेली नोंद अशी होते :

मलप्रभा नदी
– उगम, कणकुंबी 14–15
– कळसा-भांडुरा योजना 171–176
– पूर 47, 62
– सौंदत्तीचं धरण 88–93
– तसेच पाहा म्हादई नदी

पान 120 वरची नदी फक्त शेताची हद्द सांगते, म्हणून तेही गेलं. एका नोंदीपुढे पाच-सहापेक्षा जास्त पृष्ठांक जमले की उपनोंदी पाडायच्या, हा साधारण संकेत. पहिल्या वाचनात पेन्सिलने समासात खुणा करा, दुसऱ्या वाचनात एक्सेलमध्ये नोंद, उपनोंद आणि पान असे तीन स्तंभ भरा. उपनोंदी पहिल्या वाचनातच पाडायला गेलात तर पुढच्या प्रकरणात त्या मोडाव्या लागतात.

वाचक कुठल्या नावाने शोधेल याचा विचार इथल्या पुस्तकात जास्तच करावा लागतो. सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं, पण मराठी लेखक बेळगावच लिहितो. म्हणून 'बेळगावी : पाहा बेळगाव'. तसंच 'सवदत्ती : पाहा सौंदत्ती'. कळसा-भांडुरा योजनेला मात्र स्वतंत्र नोंद देऊन 171–176 हे आकडे तिथेही छापा. एका पृष्ठांकासाठी वाचकाला दुसरीकडे पिटाळणं बरं नाही, आणि 'पाहा' लिहायला ओळ तेवढीच लागते. सीमाप्रश्नाची पानं तर शब्दावरून शोधूच नका. '1956 च्या पुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात गेला' या वाक्यात तो शब्द नाही, पण पान त्याचंच आहे.

क्रमवारी शेवटी, आणि तीही डोळ्यांनी तपासून. संगणक साध्या क्रमाने लावतो तेव्हा ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, त्यामुळे 'कळसा' हे 'कसबा'च्या आधी येतं. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर, म्हणून 'कसबा' आधी. क्ष आणि ज्ञ शेवटी घ्यायचे की क आणि ज खाली, हे प्रकाशकाला आधीच विचारून घ्या. मग दर दहावी नोंद उचलून तिची पानं प्रूफवर पडताळा. एकात चूक निघाली तर त्या अक्षराखालच्या सगळ्याच नोंदी तपासा, कारण एक्सेलमध्ये एकच स्तंभ निवडून क्रम लावला गेला असेल तर पानं भलत्याच नोंदींपुढे जाऊन बसलेली असतात.