कामाचा लॅपटॉप आणि कॅमेरा परदेशी नेताना: निघण्यापूर्वीची सीमाशुल्क नोंद कशी करावी

परतताना कस्टम्सच्या अधिकाऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं: ही वस्तू तुम्ही इथूनच नेली होती, की तिकडे विकत घेतली? इथूनच नेली असेल तर शुल्काचा प्रश्न येत नाही, पण ते दाखवून देणं प्रवाशाच्या अंगावर असतं. खरेदीचं बिल पुष्कळदा पुरतं. कामाच्या सामानात मात्र तेच हाताशी नसतं. लॅपटॉपचं बिल कंपनीच्या नावावर असतं, कधी पन्नास लॅपटॉपचं एकत्र, त्यात सिरियल नंबरही नसतो. कॅमेरा वापरलेला घेतला असेल तर बिलच नसतं. अशा वेळी निघण्यापूर्वी कस्टम्सकडून करून घेतलेली नोंद सगळ्यात भक्कम पुरावा ठरते.

या नोंदीचं नाव देशागणिक वेगळं आहे. भारतात तिला एक्स्पोर्ट सर्टिफिकेट म्हणतात, अमेरिकेत ती सीबीपी फॉर्म ४४५७ वर होते, कॅनडात बीएसएफ४०७ या छोट्या कार्डावर. तत्त्व सगळीकडे एकच: देश सोडण्यापूर्वी अधिकाऱ्याला वस्तू प्रत्यक्ष दाखवायची आणि सही-शिक्का घ्यायचा. परत आल्यावर ही नोंद मिळत नाही.

आधी घरी यादी करा. समजा तुमच्याकडे कंपनीचा लॅपटॉप, कॅमेऱ्याची बॉडी आणि दोन लेन्स आहेत. म्हणजे यादीत चार ओळी हव्यात. ‘कॅमेरा किट’ असं एकत्र लिहिलं, तर परतताना दुसरी लेन्स त्यातलीच आहे हे सांगायला काहीच आधार राहत नाही. प्रत्येक ओळीत कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहा. कॅमेऱ्याचा नंबर बहुधा तळाशी किंवा उघडणाऱ्या स्क्रीनच्या मागे असतो, लेन्सचा माउंटजवळ किंवा कडेला कोरलेला. लॅपटॉपच्या तळाचं स्टिकर घासून गेलं असेल, तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ही आज्ञा द्या:

```
(Get-CimInstance Win32_BIOS).SerialNumber
```

स्टिकर वाचता येत असलं तरी हे एकदा करून पाहा. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला असेल, तर स्क्रीनवरचा आणि स्टिकरवरचा नंबर जुळतीलच असं नाही. यादीत स्टिकरवरचा नंबर ठेवा, कारण अधिकारी तोच पाहणार आहे. बॅटऱ्या, चार्जर, ट्रायपॉड यांवर सहसा असा नंबर नसतो, आणि ज्या वस्तूवर कायमची ओळखखूण नाही तिची नोंद होणं अवघड. त्यात वेळ घालवू नका.

मग कंपनीचं पत्र घ्या. लेटरहेडवर तुमचं नाव, लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि ‘हा लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा असून कामासाठी दिला आहे’ एवढा मजकूर पुरे. पत्रातला नंबर स्वतः लॅपटॉपशी ताडून पाहा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची अदलाबदल सहज होते.

विमानतळावर सामान देण्यापूर्वी कस्टम्सकडे जा. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. बॅग चेक-इन झाली की आतली लेन्स दाखवणार कशी? म्हणून नोंदवायचं सगळं सामान हातातल्या बॅगेत ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या तशाही केबिनमध्येच न्याव्या लागतात. नेहमीपेक्षा लवकर पोहोचा आणि यादी, पासपोर्ट, तिकीट, पत्र पुढे करा. कागद हातात आल्यावर तिथेच उभं राहून प्रत्येक नंबर वाचा. एक अक्षर चुकलं तरी परतताना तो कागद त्या वस्तूचा राहत नाही. मग त्याचा फोटो काढा आणि मूळ प्रत पासपोर्टबरोबर ठेवा.

ही नोंद मायदेशी परतण्यासाठी आहे, तुम्ही जाता त्या देशाला ती बांधील करत नाही. व्यावसायिक चित्रीकरणासाठी बरंच सामान नेत असाल, तर एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं दुसऱ्या देशात शुल्काविना नेण्याचा आंतरराष्ट्रीय कागद, लागू शकतं. ते चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या अधिकृत संस्था हमी घेऊन देतात आणि ते जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. एका लॅपटॉप-कॅमेऱ्यासाठी हा खटाटोप सहसा करावा लागत नाही.

परतताना कागद वरच ठेवा. अधिकारी नंबर जुळवून पाहील आणि जुळलेल्या वस्तू शुल्काविना सोडल्या जातील. मात्र तिकडे कॅमेऱ्याच्या बदल्यात नवी बॉडी मिळाली असेल, तर तिचा नंबर वेगळा असतो आणि जुनी नोंद तिला लागू होत नाही. परदेशात केलेल्या दुरुस्तीवरही काही देश शुल्क लावतात; अमेरिकेत तर फुकट झालेली दुरुस्तीही जाहीर करावी लागते. म्हणून दुरुस्तीची पावती जपून आणा. तिकडे घेतलेली तिसरी लेन्स रेड चॅनलमध्ये स्वतः सांगा आणि बिल दाखवा. सवलतीच्या मर्यादेत ती बसली तर शुल्क लागणार नाही, नाही बसली तर ते फक्त त्या लेन्सपुरतं भरायचं.