रागात लिहिलेला राजीनामा: या चुका टाळा

मुंबईतल्या कंपन्यांच्या एचआरमध्ये बरीच वर्षं काढल्यामुळे ओळखीतली माणसं राजीनामा पाठवण्याआधी मला दाखवतात. मसुदा बहुतेक वेळा रात्री उशिरा येतो आणि सोबत एकच ओळ असते, "ताई, उद्या सकाळी टाकतोय, जरा बघून घ्या." चुका मात्र दरवेळी त्याच असतात. म्हणून एकच मसुदा घेऊन बोलते.

मुलगी डोंबिवलीची. अंधेरी पूर्वेला एका लॉजिस्टिक्स कंपनीत अकाउंट्स बघायची. पत्र दीड पानाचं, तारीख 3 मार्च. साहेब सगळ्यांसमोर पाणउतारा करतात, दोन वर्षं इन्क्रिमेंट नाही, बँकेत आणि ऑडिटरकडे जाण्यायेण्याची 11,400 रुपयांची बिलं डिसेंबरपासून अडकली आहेत, असं सगळं त्यात होतं. शेवटी वाक्य होतं: "या जाचाला कंटाळून मी तत्काळ राजीनामा देत आहे. माझा शेवटचा दिवस 1 एप्रिल राहील."

गाऱ्हाणी राजीनाम्यातच लिहिणं

तिच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्यांची दाद लागायला हवी, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्या राजीनाम्यात नकोत. राजीनाम्यावर एचआर एकच काम करतं: स्वीकारायचा आणि शेवटचा दिवस ठरवायचा. तक्रारीची चौकशी त्या कागदावरून सुरू होत नाही. उलट "आपले आरोप कंपनीला मान्य नाहीत" अशी एक ओळ स्वीकृतीपत्रात येते आणि तुमची तक्रार तिथेच फेटाळली गेल्याची नोंद फाइलला लागते. शिवाय "जाच", "छळ" असे मोघम शब्द कुणालाही नाकारता येतात. 11,400 रुपयांची बिलं नाकारता येत नाहीत.

मी तिला दोन कागद करायला लावले. बिलांची मेल वेगळी, अकाउंट्सच्या प्रमुखांना आणि एचआरला: प्रत्येक बिलाची तारीख, रक्कम, कधी जमा केलं, आणि खाली मागणी की ही रक्कम फुल अँड फायनल हिशेबात धरावी. साहेबांबद्दलची मेल फक्त एचआर प्रमुखांना. त्यात कोणत्या मीटिंगमध्ये, कोणत्या तारखेला, काय शब्द वापरले आणि समोर कोण होतं एवढंच. विशेषणं सगळी काढून टाकली. दोन्ही मेल राजीनाम्याच्या आदल्या दिवशी गेल्या. राजीनामा दिल्यावर आलेल्या तक्रारीकडे "जाता जाता काढलेला राग" म्हणून बघितलं जातं, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून अनेकदा पाहिलंय.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. नेटवरचा तयार नमुना उचलायचा, "वैयक्तिक कारणास्तव" लिहायचं आणि कंपनीने दिलेल्या प्रेमाबद्दल चार ओळी आभार मानायचे. मला या तयार नमुन्यांचा राग आहे. दोन मिनिटं वाचवायला माणसं स्वतःविरुद्धचा पुरावा सही करून देतात. उद्या दबाव आणून राजीनामा घेतला असं म्हणायची वेळ आली, तर समोरचा हेच पत्र काढून दाखवतो. कारण लिहिलंच पाहिजे अशी सक्ती सहसा नसते. खरं लिहायचं नसेल तर कारण गाळा, खोटं लिहू नका.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे लेखी जायला हवी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. तुम्ही नोटिसवर आहात म्हणून ही मुदत थांबत नाही.

नोटिस आठवणीवर मोजणं

"तत्काळ" आणि "1 एप्रिल" हे एकाच परिच्छेदात कसं? तिचं म्हणणं, तत्काळ म्हणजे आज देतेय. कंपनी तसं वाचत नाही. अशाच एका मुलाचं पत्र माझ्याकडे पाठवून झाल्यावर आलं होतं. त्यानेही "तत्काळ" लिहिलं होतं, मनात मात्र महिनाभर काम करायचं होतं. कंपनीने त्याच संध्याकाळी राजीनामा त्याच दिवसापासून मंजूर केला, लॉगिन बंद केलं आणि पूर्ण नोटिसचा पगार हिशेबातून वळता केला. शेवटचा पगार त्यातच गेला आणि वर त्याच्याच नावावर बाकी निघाली. एका शब्दाने हे झालं.

डोंबिवलीच्या मुलीला मी विचारलं, नोटिस किती? ती म्हणाली, "तीस दिवस, ऑफर लेटरमध्ये आहे." मी कन्फर्मेशन लेटर मागितलं. त्यात दुसऱ्या पानावर साठ दिवस होते. प्रोबेशन संपल्यावर नोटिस वाढते ही इथली नेहमीची गोष्ट आहे, आणि ते पान फारसं कुणी वाचत नाही. नियुक्तीपत्र, कन्फर्मेशन लेटर, प्रमोशनचं पत्र, सगळी समोर ठेवायची आणि सगळ्यात नंतरचं कलम धरायचं.

मग मोजणी. 3 मार्च धरून मोजलं तर मार्चचे 29, एप्रिलचे 30, म्हणजे साठावा दिवस 1 मे. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर 2 मे. 1 मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, ऑफिस बंद, लॅपटॉप घ्यायला कुणी नाही. अशा वेळी मी नंतरची तारीख लिहायला सांगते आणि सामान 30 एप्रिलला जमा करते असं त्याच पत्रात घालते. एक दिवस कमी भरल्याचा वाद पगारातून फेडण्यापेक्षा एक दिवस जास्त परवडतो.

ती 1 एप्रिललाच गेली असती तर नोटिस महिन्याने कमी पडली असती. तिचा पूर्ण पगार 52,000, बेसिक 28,000. वसुली कशावर, हे कलमात लिहिलेलं असतं, आणि इथे ते "ग्रॉस" होतं. या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे ऑगस्ट 2022 च्या केंद्रीय परिपत्रकात स्पष्ट आहे. कुणी हिशेबात लावला तर लेखी हरकत घ्या. तिने नव्या कंपनीला फोन करून जॉइनिंग मे महिन्यात ढकलून घेतलं. हा फोन राजीनाम्याआधी करायचा असतो.

शेवटी पत्र एवढंच उरलं: "मी सहायक लेखापाल पदाचा राजीनामा देत आहे. कन्फर्मेशन लेटरमधील 60 दिवसांच्या अटीनुसार माझा शेवटचा दिवस 2 मे राहील. कंपनीचे साहित्य मी 30 एप्रिल रोजी जमा करेन आणि त्याआधी कामाचे हस्तांतर पूर्ण करेन. कृपया स्वीकृती कळवावी."

बाकीच्या चुका थोडक्यात. व्हॉट्सअॅपवर राजीनामा देऊ नका. सगळ्या ऑफिसला सीसी करू नका. शिल्लक रजा नोटिसमधून आपणहून वजा करू नका. ती विनंती आहे, कंपनीच्या नियमात बसली तरच मिळते. "माझी कंपनीकडे कोणतीही बाकी नाही" असं बिलं अडकलेली असताना कधीही लिहू नका, कुणी छापील फॉर्मवर सही मागितली तरी. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर ग्रॅच्युइटीचा विचार करून मगच तारीख टाका.

राजीनाम्याची मेल आपल्या खासगी पत्त्यावरही ठेवा, कारण शेवटच्या दिवशी ऑफिसची मेल बंद होते. स्वीकृतीपत्रातली तारीख तुमच्या तारखेशी जुळत नसेल तर त्याच दिवशी उत्तर द्या. नोकरी सोडल्यावर ईपीएफओच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख चढली का बघा. कंपनीने ती भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपली आपल्याला भरता येते.