शेअर विकण्याआधीची तयारी

पॅन, बँक खातं, लॉगिन हे असतंच, त्यात वेळ घालवत नाही. आधी डिपॉझिटरीकडे, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे, तुमचा कोणता मोबाइल नंबर आहे ते बघा. ब्रोकरच्या ॲपमध्ये दिसतो तो नव्हे, डिमॅट खात्यावर नोंदवलेला. मागच्या वेळी मी हेच पाहिलं नव्हतं आणि ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जात राहिला.

शेअर ब्रोकरकडे नसतात, डिपॉझिटरीकडच्या तुमच्या खात्यात असतात. त्यामुळे विकताना ते तिथून काढायची परवानगी तुम्हीच द्यायची. सीडीएसएलचं खातं असेल (खाते क्रमांकात सोळाही आकडेच, एनएसडीएलचा क्रमांक IN ने सुरू होतो) तर आधी टीपिन, म्हणजे सीडीएसएलने दिलेला पिन, आणि मग ओटीपी टाकावा लागतो. ब्रोकरला डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर काढायचं अधिकारपत्र, लिहून दिलं असेल तर दर वेळी ही कटकट नाही, पण ते नोंदवायलाही दिवस लागतात. नंबर बदलायचा फॉर्मही तसाच. दोन्ही कामं विकायच्या दिवशी सुचून उपयोग नाही.

काही ॲप परवानगीशिवाय विक्रीची ऑर्डरच घेत नाहीत. ते बरंच म्हणायचं. जी घेतात तिथे खरी गंमत. समजा गुरुवारी १०० शेअर २५० रुपयांना विकले. व्यवहार टी+१ ने मिटतो, म्हणजे शुक्रवारी शेअर व्यवहार मिटवणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पोचायलाच हवेत. तुमची परवानगी नसेल तर पोचत नाहीत, मग समोरच्या खरेदीदारासाठी लिलावातून ते विकत घेतले जातात. लिलावात २६२ भाव लागला तर वरचे १२०० रुपये तुमच्या खात्यातून जातात, दंड वेगळा. भाव कमी लागला तर तो फायदा तुम्हाला मिळत नाही. लिलावात कुणी विकणाराच आला नाही तर हिशेब त्या दिवशीच्या बंद भावावर निदान २० टक्के चढवून होतो: २६० ला बंद झाला असेल तर ३१२. आता करा १०० ने गुणाकार.

म्हणून नंबर. नंबर तपासा, आणि विकायच्या काही दिवस आधी एकदा टीपिन टाकून परवानगी देऊन बघा. काही विकलं नाही तर शेअर जागचे हलत नाहीत, पण ओटीपी येतो की नाही ते कळतं. विकायच्या दिवशी परवानगी पुन्हा द्यायची.

कालच घेतलेले शेअर आज विकू नका, तुम्हाला विकणाऱ्यानेच दिले नाहीत तर तुमचीही विक्री लिलावात जाते. गहाण ठेवलेले शेअर आधी सोडवा. दुसऱ्या डिमॅटमधले आधी इकडे आणा. बँकेची सुट्टी मध्ये आली तर पैसे एक दिवस उशिरा. खात्यातून शेअर काढण्याचा डीपी चार्ज कापला जाईल, त्यावरून ब्रोकरला फोन करू नका. आणि तो नंबर बघितलात का?