फ्लॅशबॅकमध्ये प्रेक्षक हरवतो तो परतताना : या चुका टाळा

एक पंधरा मिनिटांची शॉर्टफिल्म समजा. वर्तमानकाळ 2024 चा मे महिना. महाल भागातलं जुनं घर विकायचंय, म्हणून नायिका नागपूरला आली आहे. तिला दोन काळ आठवतात : 2004, भाऊ घर सोडून गेला तो उन्हाळा, आणि 1996, जेव्हा वडील हयात होते. कथा साधीच आहे, पण रफ कट पाहणाऱ्यांना नेमकं हेच कळत नाही की भाऊ गेला तेव्हा वडील होते की नव्हते. बहुतेकदा दोष पटकथेत नसतो, तो जोडणीत असतो.

पहिली चूक म्हणजे सगळं ओझं रंगावर टाकणं. दोन्ही आठवणींना तोच पिवळसर रंग दिला, तर प्रेक्षकाला ‘जुनं’ एवढंच समजतं, ‘किती जुनं’ हे समजत नाही. ‘मेमेंटो’ (2000) या चित्रपटात रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात आणि कृष्णधवल प्रसंग सुलट्या. तरी आपल्याला वाट सापडते ती फक्त रंगामुळे नाही. प्रत्येक रंगीत प्रसंग, आधी पाहिलेला रंगीत प्रसंग जिथून सुरू झाला होता तिथे येऊन संपतो. तोच क्षण पुन्हा दिसला की दोन तुकडे कसे जुळतात ते आपल्याला उमगतं. रंग फक्त दिशा सांगतो, सांधा ही पुनरावृत्ती जुळवते.

आपल्या फिल्ममध्ये प्रत्येक काळाला अशी एक खूण द्या जी दुसऱ्या काळात असूच शकत नाही, आणि ती काळातल्या उडीनंतरच्या पहिल्याच शॉटमध्ये दाखवा. 1996 मध्ये खिडकीतला पत्र्याचा कूलर, 2004 मध्ये त्याच खिडकीत प्लॅस्टिकचा, आणि 2024 मध्ये खिडकी बंद, भिंतीवर एसी. नागपूरच्या प्रेक्षकाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. उलट खोटी खूणही तितक्याच वेगाने काम करते. 2004 मधला भाऊ वर्धा रोडवर स्कूटर चालवतोय आणि मागे मेट्रोचे खांब दिसताहेत, तर प्रेक्षक तो प्रसंग आजचाच धरणार. नागपूरची मेट्रो 2019 मध्ये सुरू झाली. फ्रेम बदला किंवा तो शॉट गल्लीत घ्या.

दुसरी चूक पाटीची. पहिल्या उडीला ‘वीस वर्षांपूर्वी’ लिहिलं आणि तिथून पुढच्या उडीला ‘आठ वर्षांपूर्वी’. कशाच्या आठ वर्षांपूर्वी? दिग्दर्शकाच्या मनात 1996 असतं, प्रेक्षक 2024 मधून आठ वजा करून 2016 वर पोहोचतो. एकाहून अधिक उड्या असतील तर सरळ साल लिहा : ‘मे 1996’. पाटी सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर ठेवा आणि तेवढ्यात कुणाला बोलायला लावू नका. त्यानंतरचा पहिला संवाद नातं सांगणारा असावा. वडील ओरडतात, “काहून बे, कूलरात पाणी नाही टाकलं?” आणि मुलगा म्हणतो, “टाकतो ना बाबा.” वडील जिवंत आहेत आणि हा मुलगा तोच भाऊ, दोन्ही गोष्टी एका दमात कळतात.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते : परतीचा विचारच न करणं. आठवणीत शिरताना सगळे काळजी घेतात. चेहऱ्याजवळ कॅमेरा जातो, संगीत येतं. बाहेर पडताना मात्र थेट पुढच्या प्रसंगावर कट मारतात. नायिका आठवणीत जाताना माजघरात होती, परतल्यावर रिक्षात दिसते. मग रिक्षातली ती आजची की 2004 मधली, हे ठरवण्यात प्रेक्षकाचे पुढचे दोन संवाद हुकतात.

उपाय असा. जिथून गेलात तिथेच या : तीच फ्रेम, हातात तीच किल्ली, पण मधे वेळ गेल्याचं दाखवणारा एक बदल. चहावर साय धरली आहे, उन्हाचा पट्टा सरकला आहे. मगच रिक्षा. आवाजाचीही मदत घ्या. 1996 च्या कूलरची घरघर वर्तमानातल्या शॉटवरच, कटच्या साधारण एक सेकंद आधी, सुरू करा. 24 फ्रेमच्या टाइमलाइनवर हा आवाज 24 फ्रेम आधी सरकवायचा, संकलक याला जे-कट म्हणतात. परतताना मात्र घरघर कटवरच तोडा. कान काळ बदलल्याचं डोळ्याआधी ओळखतो. पण ही युक्ती प्रत्येक उडीला सारखीच वापरा. एकदा घरघर आठवणीची आणि पुढे कधी नुसतीच शेजारच्या कूलरची असेल, तर खुणेचा अर्थ उरत नाही.

तपासणी करताना “समजलं का?” असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. कथा माहीत नसलेल्या चार-पाच जणांना फिल्म दाखवा, प्रत्येक उडीनंतर थांबवा आणि विचारा : “हे वडील गेल्याच्या आधीचं की नंतरचं?” एकाच उडीवर दोघे अडले तर दोष त्याच कटमध्ये शोधा. मग तेवढाच भाग आवाज बंद करून पुन्हा पाहा. आवाजाशिवाय काळ ओळखू येत नसेल तर खूण चित्रात कमी पडते आहे आणि तो पॅचवर्क शूटचा, म्हणजे तेवढेच शॉट पुन्हा घेण्याचा मामला आहे. चित्र पुरेसं बोलत असूनही लोक अडत असतील, तर पाटी आणि परतीचा शॉट आधी तपासा. ते संकलनाच्या टेबलावरच दुरुस्त होतं.