बीजीव्ही अडकल्यामुळे जॉइनिंग लांबतंय? एचआरला नेमकं काय विचारायचं

ऑफर लेटर हातात, जुन्या कंपनीचा शेवटचा दिवस ठरलेला, आणि एचआरकडून एकच उत्तर: ‘बीजीव्ही इन प्रोसेस आहे.’ अशा वेळी ‘काही अपडेट?’ असा मेल टाकून हाती काही लागत नाही, कारण बहुतेक कंपन्यांत बीजीव्ही, म्हणजे उमेदवाराच्या माहितीची पडताळणी (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन), एचआर स्वतः करत नाही. ते काम बाहेरच्या एजन्सीकडे असतं आणि एचआरला फक्त तिच्या पोर्टलवरचा शेरा दिसतो. तो शेरा नेमका काय आहे, हे काढून घ्यायचं.

बीजीव्ही म्हणजे एक तपासणी नव्हे. शिक्षण, आधीची नोकरी, पत्ता, ओळखपत्र, कोर्ट रेकॉर्ड असे वेगवेगळे चेक असतात आणि अडतो बहुधा एखादाच. म्हणून पहिल्या मेलमध्ये तीनच गोष्टी विचारा: कोणता चेक बाकी आहे, तो कोणाकडे थांबला आहे आणि एजन्सीने तिथे शेवटचा पाठपुरावा कधी केला. मुलाखती जुळवून देणाऱ्या रिक्रूटरकडे ही माहिती अनेकदा नसते. त्यांच्याकडून ऑनबोर्डिंग किंवा बीजीव्ही बघणाऱ्या व्यक्तीचा ईमेल घ्या आणि दोघांना एकाच मेलमध्ये ठेवा.

उत्तरात ‘इन्सफिशियन्सी’ असेल तर चेंडू तुमच्याकडे आहे. एखादी मार्कशीट धूसर आली असेल, सही राहिली असेल किंवा पत्त्याच्या पडताळणीची लिंक तुम्ही उघडलीच नसेल. अशी सूचना कित्येकदा स्पॅममध्ये पडून असते, तेव्हा एचआरला लिहिण्याआधी तिथे एकदा बघा. चेक विद्यापीठाकडे थांबला असेल तर तुमच्या हातात फार नसतं. डिजिलॉकरवर तुमची गुणपत्रिका किंवा पदवी असेल, तर ती चालेल का एवढं विचारून बघा.

सगळ्यात चिवट असतो जुन्या नोकरीचा चेक. समजा, तुमचं जॉइनिंग सोमवारी 17 तारखेला आहे. आज 6 तारीख, आणि दोन नोकऱ्यांपूर्वीची छोटी कंपनी एजन्सीच्या मेलला उत्तरच देत नाही. कदाचित ती बंद पडली असेल किंवा तो एचआर ईमेल आता कोणी उघडत नसेल. इथे नुसती वाट बघण्यात अर्थ नाही, पर्यायी पुरावा द्या. ईपीएफओच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी आणि पासबुक, त्या वर्षाचा फॉर्म 16 आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट एकाच पीडीएफमध्ये जोडा. स्टेटमेंटमधले इतर व्यवहार झाकले तर चालेल का, ते आधी विचारा. फॉर्म 16 सापडत नसेल तर आयकर पोर्टलवरून फॉर्म 26एएस काढा. पगारातून कर कापला गेला असेल तर कापणाऱ्या कंपनीचं नाव त्यात दिसतं. मेल साधारण असा लिहा (ऑफिसचा व्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजीत):

> नमस्कार मॅडम, माझं जॉइनिंग 17 तारखेला आहे. आधीच्या कंपनीकडून पडताळणीला उत्तर येत नाही, असं कळलं. त्या नोकरीचे पर्यायी पुरावे सोबत जोडले आहेत. एजन्सी ते स्वीकारेल का, हे सोमवार, 10 तारखेपर्यंत कळवाल का? अहवाल वेळेत आला नाही, तर पडताळणी पूर्ण होण्याच्या अटीवर 17 ला रुजू होता येईल का?

पाठवण्याआधी तारखा जुळवा. रिलीव्हिंग लेटरवर 31 मार्च आणि ईपीएफच्या नोंदीत 28 फेब्रुवारी असेल, तर पुरावाच शंका निर्माण करतो. असा फरक असेल तर दोन ओळींत कारण आधीच लिहा. लपवलेला फरक अहवालात ‘डिस्क्रिपन्सी’ म्हणून येतो आणि मग निर्णय वरच्या माणसाकडे जातो.

10 तारखेला उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी एक फोन करा आणि बोलणं झाल्यावर त्याच मेल-साखळीत दोन ओळी लिहून ठेवा. रोज मेसेज करून गती वाढत नाही. 12 तारखेपर्यंतही काही हललं नाही, तर ज्यांच्या टीममध्ये जाणार आहात त्या मॅनेजरना नम्रपणे कळवा. जागा रिकामी राहिल्याचा त्रास त्यांनाच होणार असतो, त्यामुळे त्यांचा शब्द आतून लवकर पोचतो.

सध्याच्या कंपनीचा चेक मात्र बहुधा तुम्ही बाहेर पडल्यावरच सुरू होतो, आणि तसाच व्हावा. ‘सध्याच्या कंपनीशी आत्ता संपर्क करू नका’ हे फॉर्ममध्ये आणि मेलमध्ये स्पष्ट लिहा. त्या चेकसाठी जॉइनिंग थांबणार आहे का, हेही आधीच विचारून घ्या.

तारीख पुढे गेलीच, तर फोनवरच्या ‘बघू, पुढच्या आठवड्यात’वर राहू नका, सुधारित तारखेचं ऑफर लेटर किंवा निदान मेल मागा. शेवटचा दिवस अजून यायचा असेल, तर तो मेल हातात ठेवून जुन्या कंपनीत मुदत वाढवून मिळते का ते विचारता येतं. आणि पडताळणी लवकर करून देतो म्हणून कोणी यूपीआयवर पैसे मागितले, तर पैसे पाठवू नका. तो मेसेज तसाच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर धाडा.